फ्री डिशच्या बॉक्सवर फेव्हरिट यादी पुन्हा पुन्हा मोडते: कारण आणि कायमचा इलाज

तक्रार नेहमी एकाच सुरात येते. घरच्यांसाठी दहा-बारा चॅनल फेव्हरिटमध्ये लावून दिले, नको असलेले लपवले, चार दिवस सगळे नीट चालले. मग एका सकाळी यादीतले तीन चॅनल काळे पडले, एक चॅनल दोनदा दिसायला लागला, किंवा सगळीच यादी जाऊन पुन्हा पहिल्यापासून दीडशे-दोनशे चॅनल समोर आले. पुन्हा स्कॅन, पुन्हा तीच मेहनत, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच.

हे डीडी फ्री डिशच्या साध्या बॉक्सवर सर्वांत जास्त होते, म्हणून आधी त्याचेच बघू. मासिक रिचार्जच्या डीटीएच बॉक्सचे नियम थोडे वेगळे आहेत, ते शेवटी आहेत. बॉक्सच्या मेनूतली नावे कंपनीगणिक थोडी बदलतात, पण बाजारातल्या बहुतेक फ्री डिश बॉक्सचा मेनू एकमेकांशी इतका मिळताजुळता असतो की खालच्या पायऱ्या जवळपास तशाच लागू पडतात.

शिक्का नावावर बसत नाही, पत्त्यावर बसतो

आपण एखाद्या चॅनलवर फेव्हरिटची खूण करतो, तेव्हा आपल्या मनात त्या चॅनलचे नाव असते. बॉक्सच्या लेखी मात्र नाव म्हणजे नुसते लेबल. तो चॅनल ओळखतो पत्त्यावरून: कोणत्या उपग्रहावर, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर, उभ्या की आडव्या पोलरायझेशनवर आणि त्या फ्रिक्वेन्सीतला कितवा सर्व्हिस क्रमांक. फेव्हरिट, लॉक, स्किप या सगळ्या खुणा त्या पत्त्याच्या नोंदीला चिकटलेल्या असतात.

आता फ्री डिशवर हे पत्ते बदलतात, आणि ठरावीक काळाने बदलतात. खासगी वाहिन्यांच्या जागा प्रसार भारती ई-लिलावाने देते. वार्षिक लिलावातल्या जागेची मुदत 1 एप्रिल ते 31 मार्च अशी असते. म्हणून एप्रिलच्या सुरुवातीला काही वाहिन्या जातात, काही नव्या येतात, काही एका फ्रिक्वेन्सीवरून दुसरीकडे सरकतात. वर्षाच्या मध्येही रिकाम्या जागांचे लिलाव होतात, तेव्हा छोटी उलथापालथ होते. दर एप्रिलमध्ये यादी बिघडते त्याचे मूळ इथे आहे. रिमोटचा किंवा डिशचा त्यात दोष नसतो.

वाहिनी नव्या पत्त्यावर गेली आणि तुम्ही स्कॅन मारला, की बॉक्सला ती नवी वाहिनी वाटते. तो तिची नोंद यादीच्या शेवटी घालतो. जुनी नोंद जागच्या जागी राहते, तिच्यावरचा फेव्हरिटचा शिक्काही राहतो, पण तिथे आता चित्र नाही. त्यामुळे फेव्हरिटमध्ये काळा पडदा दिसतो आणि तोच चॅनल खाली 170 किंवा 180 क्रमांकावर छान चालत असतो. लोक इथे चिडून `Delete All` किंवा `Factory Reset` करतात. जुन्या नोंदी जातात खऱ्या, पण त्यांच्याबरोबर सगळ्या खुणा आणि क्रमही पुसला जातो, आणि `Factory Reset` ने तर बदललेला पिनही.

नेमके काय बिघडले ते आधी ओळखा

काळ्या पडद्यावर असताना `INFO` बटण एकदा किंवा दोनदा दाबा. चॅनलच्या नावाखाली फ्रिक्वेन्सी, `V` किंवा `H`, आणि सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात. फ्रिक्वेन्सीचा आकडा कागदावर टिपा. मग यादीतला त्याच फ्रिक्वेन्सीचा दुसरा एखादा चॅनल लावून पाहा.

दुसरा चॅनल व्यवस्थित चालत असेल, तर तुमची वाहिनी त्या पत्त्यावरून हलली किंवा बंद झाली. यादी दुरुस्त करण्याचे काम इथेच आहे.

त्या फ्रिक्वेन्सीवरचे सगळेच चॅनल बंद असतील आणि क्वालिटीची पट्टी शून्याजवळ असेल, तर यादीला हात लावू नका. दोष पाऊस, हललेली डिश, एलएनबी किंवा वायरीचा कनेक्टर यात आहे. फ्री डिश केयू बँडवर येते आणि जोराच्या पावसात हा सिग्नल सहज तुटतो. भर पावसात ‘बंद’ म्हणून वीस चॅनल डिलीट करायचे आणि ऊन पडल्यावर ते शोधत बसायचे, हा प्रकार फार घडतो.

क्वालिटीची पट्टी चांगली भरलेली आहे, पण त्या फ्रिक्वेन्सीवरच्या एकाही चॅनलला चित्र नाही किंवा नुसता आवाज येतो, असे असेल तर बॉक्स जुना एमपेग-2 चा असण्याची शक्यता मोठी आहे. फ्री डिशवर काही वाहिन्या एमपेग-2 या जुन्या आणि काही एमपेग-4 या नव्या चित्र-संकोचन पद्धतीत येतात. एमपेग-2 चा बॉक्स दुसऱ्या प्रकारची नोंद यादीत घेऊ शकतो, चित्र मात्र उलगडू शकत नाही. अशा नोंदी खुशाल डिलीट करा. त्या बॉक्सवर त्या कधीच चालणार नाहीत.

काही घरांत मात्र चॅनल सगळे चालू असतात आणि केलेले बदल तेवढे नाहीसे होतात. बॉक्स मेनूतले बदल त्याच्या कायम स्मृतीत लगेच लिहीत नाही. मेनूतून बाहेर पडताना ‘सेव्ह करायचे का’ असा प्रश्न येतो, त्याला हो म्हटल्यावर तो लिहायला घेतो. काही बॉक्स तर स्टँडबायला जातानाच लिहितात. आपल्याकडे टीव्ही पाहून झाला की भिंतीवरचे बटण बंद करायची सवय असते. बदल केल्याबरोबर वीज तोडली तर ते बदल राहत नाहीत. म्हणून यादीवर काम झाले की आधी रिमोटने बॉक्स स्टँडबायला न्या, दहा सेकंद थांबा, परत चालू करून यादी पाहा, मगच भिंतीवरचे बटण बंद करा.

डिलीट, स्किप आणि लॉक यांत गल्लत नको

नको असलेला चॅनल ‘लपवणे’ याला बॉक्समध्ये तीन वेगळे मार्ग आहेत आणि चुकीचा निवडला की काम पुन्हा करावे लागते.

`Lock` ने चॅनल लपत नाही. तो यादीत दिसतो, वर-खाली करताना मध्ये येतो आणि पिन मागतो. मुलांसाठी हे ठीक. पण आजी-आजोबांच्या टीव्हीवर लॉक लावले, तर बटण दाबता दाबता मध्येच पिनची चौकट उघडते आणि पुढे कसे जायचे ते कळत नाही. पिन मूळचा बहुतेक वेळा `0000`, `1234` किंवा `000000` असतो. लॉकचा खरेच उपयोग करायचा असेल तर तो आधी बदला आणि बॉक्सच्या खाली कागद चिकटवून लिहू नका.

`Delete` ने नोंद जाते, पण पुढच्या स्कॅनला ती परत येते, कारण वाहिनी उपग्रहावर असतेच. म्हणून डिलीट फक्त मेलेल्या, दुहेरी आणि न उलगडणाऱ्या नोंदींसाठी वापरावे.

`Skip` हा नको त्या चालू चॅनलसाठीचा खरा इलाज. स्किपची खूण केली की वर-खालीच्या बटणाने तो चॅनल लागत नाही, बॉक्स त्याला ओलांडून पुढे जातो. क्रमांक दाबला तर मात्र लागतो. म्हणजे कुणाला कधी तो हवाच असला तर वाट बंद होत नाही. शिवाय नोंद जागेवर असल्यामुळे पुढच्या स्कॅनमध्ये बॉक्स तिला ओळखतो आणि नव्याने घालत नाही. खूण टिकते.

एकदा नीट लावायचा क्रम

समजा, यादीत 200 नोंदी आहेत आणि घरात बारा चॅनल पाहिले जातात: डीडी सह्याद्री, डीडी न्यूज, डीडी नॅशनल, डीडी किसान, डीडी स्पोर्ट्स आणि सात खासगी वाहिन्या. हे बारा 1 ते 12 क्रमांकावर यावेत आणि वर-खालीच्या बटणाने फक्त तेच लागावेत, एवढी गरज आहे.

सुरुवातीला सेटिंगमध्ये `LCN` नावाचा पर्याय आहे का ते बघा. तो `On` असेल तर क्रमांक प्रसारकाने पाठवलेले लागतात आणि `Move` एक तर चालत नाही किंवा पुढच्या अपडेटला उलटून जाते. तो `Off` करा. बॉक्स आपोआप चॅनल शोधत असेल, म्हणजे मेनूत ऑटो अपडेट किंवा ऑटो स्कॅन असे काही चालू असेल, तर तेही बंद करा. या दोन सेटिंगकडे दुर्लक्ष करून केलेली मेहनत आठवडाभरही टिकत नाही.

मग `Edit Channel` मध्ये जाऊन टीव्हीची यादी उघडा. पडद्याच्या तळाशी रंगीत बटणांची कामे लिहिलेली असतात. कोणत्या रंगाला काय, हे प्रत्येक बॉक्सचे वेगळे, तेव्हा तिथे वाचूनच दाबा.

पहिले काम `Sort`. यादी नावानुसार अ ते झेड लावली की दुहेरी नोंदी शेजारी शेजारी येतात. एकाच नावाच्या दोन नोंदी दिसल्या की प्रत्येकीवर थांबून छोट्या चौकटीत चित्र येते का ते पाहा. ज्यात येत नाही ती डिलीट. मात्र `Sort` ने अनेक बॉक्सवर यादीचा मूळ क्रमच बदलतो आणि मागे जाता येत नाही. म्हणून सॉर्ट नेहमी आधी करायचा, चॅनल हाताने लावण्यापूर्वी. सगळे लावून झाल्यावर उत्सुकतेने सॉर्ट दाबला तर बारा चॅनल पुन्हा यादीभर विखुरतात.

मेलेल्या नोंदी गेल्यावर मेनूतून बाहेर या, सेव्हला हो म्हणा आणि परत आत जा. एका बैठकीत सगळे करून शेवटी सेव्ह करण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने केलेले बरे, कारण मध्येच वीज गेली तर नुकसान एकाच टप्प्याचे होते.

आता `Move`. इथे बहुतेक जण पहिला चॅनल 1 वर, दुसरा 2 वर असे मोजत बसतात आणि मध्येच एक चुकतो. उलट्या बाजूने सुरुवात करा. तुमच्या कागदावरचा बारावा चॅनल निवडा आणि यादीच्या अगदी वर, पहिल्या जागी न्या. मग अकरावा पहिल्या जागी. मग दहावा. प्रत्येक वेळी जागा एकच, सर्वांत वरची, आणि आधीचे आपोआप खाली सरकतात. शेवटी डीडी सह्याद्री पहिल्या जागी ठेवलात की बाराही हव्या त्या क्रमाने उभे राहिलेले दिसतील. लांब अंतर पार करायला पेज-अपचे बटण वापरा, बाणाने एकेक ओळ चढत बसू नका.

हे सेव्ह झाल्यावरच फेव्हरिटच्या खुणा करायच्या. बहुतेक बॉक्सवर फेव्हरिट गटातले चॅनल तुम्ही खूण केली त्या क्रमाने येत नाहीत, मुख्य यादीच्या क्रमाने येतात. फेव्हरिट आधी आणि मूव्ह नंतर केले तर ‘मी पहिला सह्याद्री लावला होता, तो चौथा का दिसतो’ हा प्रश्न येतो. उत्तर इतकेच, की बॉक्स त्या क्रमाकडे पाहतच नाही. गट अनेक मिळतात, त्यातला एक पुरे. एकाच चॅनलला तीन गटांत टाकले की पुढे दुरुस्ती तिप्पट होते.

फेव्हरिट गट वापरायला रिमोटवरचे `FAV` दाबून गट निवडावा लागतो. एकदा निवडला की वर-खालीचे बटण त्या गटातच फिरते. पण काही बॉक्स वीज जाऊन आली की ‘सगळे चॅनल’ या यादीवर परततात. ज्यांना रोज `FAV` दाबणे जमणार नाही त्यांच्यासाठी फेव्हरिटवर विसंबू नका. बारा सोडून बाकी सगळ्यांवर `Skip` ची खूण करा. काम कंटाळवाणे आहे, पण ओके दाबत खाली गेलात तर पंधरा-वीस मिनिटांत होते, आणि स्किप वीज गेल्यावरही टिकतो. वयस्कर माणसांच्या टीव्हीसाठी आम्ही हाच मार्ग सुचवू. तेराव्या चॅनलवर चुकून जाणेच शक्य राहत नाही.

पुढच्या एप्रिलला काय करायचे

समजा एप्रिलमध्ये बारापैकी दोन चॅनल काळे पडले. `INFO` ने पाहिले तर त्या फ्रिक्वेन्सीवरचे शेजारी चालू आहेत. म्हणजे हे दोन हलले किंवा फ्री डिश सोडून गेले.

पूर्ण ऑटो स्कॅन करू नका. काही बॉक्सवर तो आधी सगळी यादी पुसतो आणि मग शोधायला लागतो. त्याऐवजी इन्स्टॉलेशनच्या मेनूत `TP List` मध्ये जा. तिथे फ्रिक्वेन्सींची छोटी यादी असते. एकेका फ्रिक्वेन्सीवर थांबून फक्त तेवढीच शोधा. प्रत्येकीला मिनिटाच्या आतबाहेर लागते. नवी नोंद मुख्य यादीच्या अगदी शेवटी येते, म्हणून शोध संपला की थेट शेवटच्या पानावर जा.

दोघांपैकी एक तिथे सापडला असे धरू. त्याला मूव्हने जुन्या नोंदीच्या शेजारी आणा, फेव्हरिटची खूण करा, आणि मग जुनी नोंद डिलीट करा. याच क्रमाने. जुनी आधी डिलीट केली की खालचे सगळे एकेक क्रमांक वर सरकतात आणि नवी नेमकी कुठे ठेवायची होती ते हुकते. दुसरा चॅनल कोणत्याच फ्रिक्वेन्सीवर सापडला नाही, तर तो सध्या फ्री डिशवर नाही. त्याची जुनी नोंद काढा आणि त्या जागी दुसरा एखादा आणा, म्हणजे घरच्यांचे पाठ झालेले क्रमांक बदलत नाहीत.

शोधात आणखी काही नव्या वाहिन्या आल्या असतील. त्यांच्यावर स्किप नाही, त्यामुळे बारानंतर वर-खालीच्या बटणाने त्या लागायला लागतात. ‘स्किप बिघडला’ असे वाटते ते बहुधा यामुळेच. नव्या नोंदींवर स्किप लावला की झाले.

पेनड्राइव्हवर जपून ठेवलेली यादी

बॉक्सला यूएसबी असेल तर त्या मेनूत बॅकअपचा किंवा `Dump` चा पर्याय पाहा. पेनड्राइव्ह `FAT32` मध्ये फॉरमॅट केलेला असावा, नाहीतर बॉक्स तो ओळखत नाही. काही बॉक्स फक्त तुमची यादी वेगळी काढून देतात, तो पर्याय `UserDB` किंवा तशाच नावाने दिसतो. तोच घ्या. रिसेट करावा लागला तर तीच फाइल परत चढवून यादी खुणांसकट मिळते.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. त्याच मेनूत `AllCode` किंवा `MainCode` असेही पर्याय असतात. ते यादीचे नाहीत, बॉक्सच्या संपूर्ण सॉफ्टवेअरचे आहेत. दुसऱ्या मॉडेलची फाइल त्यातून चढवली किंवा चढवताना वीज गेली तर बॉक्स पुन्हा सुरूच होत नाही. बाहेरून तोच दिसणारा बॉक्स आतून वेगळ्या चिपचा असू शकतो. शेजाऱ्याची तयार यादी घ्यायचा मोह होतो, पण मॉडेल आणि सॉफ्टवेअर आवृत्ती दोन्ही तंतोतंत एक असल्याशिवाय घेऊ नका.

रिचार्जवाल्या डीटीएच बॉक्सवर

इथे चॅनल क्रमांक कंपनी ठरवते आणि ग्राहकाला तो हलवता येत नाही, `Move` नसतोच. ट्रायच्या 2017 च्या नियमांनुसार एखाद्या चॅनलला दिलेला क्रमांक किमान एक वर्ष बदलता येत नाही. त्यामुळे इथे उलथापालथ कमी, पण हवा तसा क्रमही नाही. फेव्हरिट गट बहुतेक बॉक्सवर क्रमांकानुसारच लागतो. तुमची बातम्यांची वाहिनी मालिकांच्या आधी यावी असे वाटले तरी तिचा क्रमांक मोठा असेल तर ती मागेच राहणार.

फेव्हरिटमधला चॅनल अचानक ‘सबस्क्राइब केलेला नाही’ असे सांगू लागला तर यादीत दोष शोधू नका, खात्यावरचा पॅक तपासा. पॅकची रचना बदलली की साध्या वाहिनीऐवजी तिची एचडी जोडी मिळते किंवा उलट. नाव जवळजवळ तेच, पण क्रमांक दुसरा, म्हणून फेव्हरिटची खूण जुन्यावरच राहते. नव्या क्रमांकावर खूण करा आणि जुन्यावरची काढा.

नको असलेली सशुल्क वाहिनी लपवत बसण्यापेक्षा खात्यातून काढून टाकलेली बरी, पैसेही वाचतात. काढल्यावरही ती काही बॉक्सवर नावापुरती दिसत राहते. तिथे फक्त सबस्क्राइब केलेले चॅनल दाखवण्याची सेटिंग असेल तर ती चालू करा, नसेल तर फेव्हरिट गटाचाच आधार घ्यावा लागतो. आणि बॉक्स बदलून मिळाला तर यादी नव्याने करावी लागेल असे धरून चाला. साध्या बॉक्सवर खुणा बॉक्सच्या स्मृतीत असतात, खात्यात किंवा कार्डात नसतात. जुना बॉक्स परत देण्यापूर्वी फेव्हरिटच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. क्रमांक तेच असतात, त्यामुळे नव्या बॉक्सवर पाच मिनिटांत यादी पुन्हा उभी राहते.